गावदेवीच्या वतीने

परुळेकर सर सोसायटीच्या फाटकातून आत येताना नावाच्या पाटीला मान लववत. पत्र्याची पाटी, ‘श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था’, त्यातल्या ‘साफल्य’चा रंग केव्हाच उडालेला. पाटीखाली वॉचमन बसलेला असे, त्याच्याकडे सर नंतर बघत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, नोंदणी झाली त्या दिवसापासून संस्था ही कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन आहे, बँकेत खातं आहे, तिच्यावर दावा लावता येतो, ती दुसऱ्यावर लावू शकते. शिवाय ती त्यांच्या आधीपासून इथे राहत होती, तेव्हा मान ठेवायला हवा.

आमची बिल्डिंग भांडुपला, टेकडीच्या बाजूला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, सर समोरच्या दारात. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, ते एका लॉ कॉलेजातून. तिथे त्यांनी जन्मभर विधिशास्त्र शिकवलं. विधिशास्त्र म्हणजे काय ते मला त्यांनी जिन्यात सांगितलं: वकील कायदा काय म्हणतो ते बघतो, आणि विधिशास्त्रवाला कायदा असं का म्हणतो ते विचारत बसतो. त्यामुळे वकिलाला फी मिळते.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. ‘कुणाच्या वतीने?’ पेपरवाल्याने बेल मारून ‘बिल’ म्हटलं, तरी सर विचारणार, कुणाच्या वतीने. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की त्यांना मंडळाची नोंदणी आहे का, नसेल तर पैसे नेमके कोण घेतंय, हे उभ्या उभ्या समजावून सांगत आणि मग सगळ्यांत मोठी वर्गणी देत. माझा नवरा विजय एकदा त्यांना म्हणाला, ‘सर, आज उकडतंय ना यार.’ सरांनी तोंड उघडलं, आणि विजय पुढचं ऐकायला थांबला नाही.

सरांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, बेबी. बेबी साठीला आलेली, पण बुद्धीची वाढ चार-पाच वर्षांच्या मुलीएवढी. शब्द मोजके. सर आमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे आणि दार लोटलं की आतून मालवणी ऐकू यायचं, ‘जेवलंस काय गो? नाय? मग ह्या कोणी खाल्लां?’ संध्याकाळी बेबी खाली गावदेवीच्या देवळात जाऊन बसायची. देऊळ कसलं, कंबरेएवढ्या चौथऱ्यावर शेंदूर लावलेली शिळा आणि वर पत्रा. मागच्या चाळींतल्या बायका येऊन जायच्या, कोणी बेबीच्या हातावर साखरफुटाणा ठेवायचं. दिवा लागला की सर तिला न्यायला यायचे.

देवळामागे नाला आहे. सर त्याला नदी म्हणायचे. जुन्या नकाशात ती नदी म्हणूनच आहे, टेकडीवरून निघते आणि खाडीला मिळते. कोणी गॅलरीतून कचरा टाकला की सर खालून वर बघून म्हणायचे, ‘तिच्या वतीने मी हरकत नोंदवतोय.’ वरचे लोक खिडकी लावून घ्यायचे.

या सगळ्यावर सरांनी एक निबंध लिहिला होता. नदी, मूर्ती आणि यंत्रप्रणाली यांना कायद्याने हक्क असू शकतात का, आणि हक्क असतील तर कर्तव्यांचं काय. कॉलेजच्या वार्षिकात छापूनही आला होता. आमच्या मजल्यावर प्रत्येक घरात त्याची एक प्रत होती, कारण सरांनी ती दिली होती. मी वाचला. सांगायचं तर तो वाचून झाल्यावर मी नाल्याकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागले, पण हे मी कोणाला बोलले नाही.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली.

बिल्डरचं म्हणणं होतं की देवळाची पट्टी प्लॉटमध्ये धरली तर रस्त्याला लागून रुंदी मिळते, एक विंग जास्त बसते, आणि प्रत्येकाला एक जास्तीची खोली. देवीला नव्या टॉवरमध्ये पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर, जनरेटरच्या खोलीशेजारी, टाइल्स लावलेला गाभारा. जमिनीच्या कागदावर मालक म्हणून ‘श्री गावदेवी’ असं नाव होतं आणि त्याखाली ‘वहिवाटदार भोईर’. म्हणजे जमीन देवीची, कारभार भोईरांचा. देवस्थान त्यांच्या घरचं, ट्रस्ट वगैरे काही नाही. रमाकांत भोईर तळमजल्यावर राहायचे. साधा माणूस, मुलाचं लग्न जागेवाचून अडलेलं. त्यांनी देवीच्या वतीने संमतीवर सही केली.

त्याशिवाय देवीची स्वतःची संमतीही आली होती. ती अशी. सोसायटीचं मोबाइल ॲप होतं. फाटकावर पाहुणा आला की मालकाच्या फोनवर विचारणा जायची, मेंटेनन्सची बिलं त्यावरच, मतदानही त्यावरच. देवळातल्या दिव्याचं वीजबिल कुठल्या तरी घराच्या नावावर टाकायला हवं, म्हणून सेक्रेटरी पाटकरांनी देवीला सभासदांच्या यादीत घातलं होतं, फ्लॅट क्रमांक शून्य. रिडेव्हलपमेंटचा ठराव ॲपवर टाकला तेव्हा नियम ठेवला, मुदतीत उत्तर नाही आलं तर होकार समजावा. मुदत संपली. फ्लॅट क्रमांक शून्यचा होकार नोंदला गेला आणि सगळ्या कागदांसोबत बिल्डरकडे गेला.

सभेत सर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हा होकार कुणाच्या वतीने.

पाटकर म्हणाले, ‘सर, ते सिस्टीमने घेतलंय. आम्ही हातसुद्धा लावला नाही.’

‘सिस्टीम कोण?’

‘सिस्टीम म्हणजे सिस्टीम, सर.’

सरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले, म्हणजे आता ते शिकवणार. ते म्हणाले, ज्याला हक्क द्यायचे त्याच्यावर कर्तव्य टाकता आलं पाहिजे, आणि कर्तव्य चुकलं तर वसूल कशातून करायचं हे सांगता आलं पाहिजे. मूर्तीकडे जमीन असते. कंपनीकडे भांडवल असतं. या सिस्टीमकडे काय आहे? तिच्यावर हुकूमनामा झाला तर बेलिफाने जप्त काय करायचं? आज तरी कायदा तिला व्यक्ती मानत नाही. उलट आपला कायदा स्पष्ट सांगतो की आपोआप चालणाऱ्या प्रणालीने पाठवलेला संदेश हा, जो ती तशी लावतो किंवा ज्याच्या वतीने ती लावली जाते, त्याचाच धरायचा. ‘तेव्हा पाटकर, देवीचा होकार तुम्ही दिलाय. तुम्ही देवीचे कोण?’

पाटकर पाणी प्यायले. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, वाट लागली, आता जादा खोली गेली.

सर भोईरांकडे वळले तेव्हा आवाज बराच खाली आला होता. ते म्हणाले, वहिवाटदार मालक नसतो. देवीची जमीन त्याला देता येते ती दोनच कारणांनी, देवीची गरज असेल तर किंवा देवीचा फायदा असेल तर. मुलाच्या लग्नाची अडचण खरी आहे, पण ती देवीची नाही. भोईर खाली बघत होते. म्हणाले, ‘सर, मला कळतं. पण मग देवीच्या बाजूने बोलणार कोण? मीच ना?’

तिथून दावा सुरू झाला. वहिवाटदारच देवीच्या हिताविरुद्ध गेला, तर दुसरा कोणी तिचा वादमित्र होऊन कोर्टात येऊ शकतो, अज्ञान मुलाच्या वतीने येतात तसा. दाव्याच्या वर लिहिलं होतं, ‘श्री गावदेवी, वादमित्र सदानंद परुळेकर’. प्रतिवादी सोसायटी, बिल्डर आणि भोईर. सोसायटी सरांशी बोलेनाशी झाली. लिफ्टमध्ये ते आले की लोक जिन्याने जायचे. सर मात्र पाटीला मान लववत राहिले. म्हणाले, प्रतिवादी झाली म्हणून ओळख तुटत नाही.

दिवाणी कोर्टात मी गेले ते कुतूहल म्हणून. विजय म्हणाला, ‘तुला काय पडलंय गं? आपण तर हातही जोडत नाही.’ खरं होतं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात मूर्तिपूजा नाही. मी म्हटलं, बेबीला सोबत कोणीतरी हवं. सर तिला एकटं ठेवू शकत नव्हते, म्हणून कोर्टातही आणायचे. मी बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसायची आणि तिच्या हातात केळं द्यायची. सुनावणी लागली की आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसायचो.

सरांनी आपली बाजू स्वतः मांडली नाही, त्यांची जुनी विद्यार्थिनी वकील म्हणून उभी होती. पण सगळं त्यांनीच लिहून दिलेलं. तिने सांगितलं, सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका घरातल्या माणसांमध्ये वाद झाला होता, कुलदेवतेची मूर्ती कोणी कुठे न्यायची. तेव्हा सर्वोच्च अपिलात ठरलं की मूर्ती म्हणजे घरातलं सामान नव्हे, इकडून उचलून तिकडे ठेवायला. तिचं स्वतःचं हित आहे, ते वेगळं ऐकलं पाहिजे, आणि ते सांगायला निःस्वार्थी प्रतिनिधी नेमला पाहिजे.

समोरचा वकील तरुण होता आणि त्याने तयारी केली होती. त्याने आधी भीती घातली. म्हणाला, हे मान्य केलं तर उद्या मागचा नालाही कोर्टात येईल. उत्तरेत एका उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं होतं, सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक केलं होतं. मग सरकारच वर गेलं आणि विचारलं, पुरात कोणी बुडालं तर भरपाई नदीकडून मागायची की पालकाकडून? वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली. सर मागे वळून मला हळूच म्हणाले, ‘बरोबर सांगतोय. परदेशात एका नदीसाठी संसदेने वेगळा कायदाच केला, पालक नेमले, पैसा ठेवला. तसं केल्याशिवाय नुसतं नाव देऊन उपयोग नाही.’ शत्रूच्या वकिलाचं त्यांना कौतुक वाटत होतं.

मग त्या वकिलाने पिशवीतून कॉलेजचं वार्षिक काढलं. सरांच्या निबंधातला एक परिच्छेद वाचला. ‘जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणाऱ्याचा त्या निकालात स्वतःचा कसलाही लाभ असता कामा नये. लाभ असेल, तर तो त्याचा आवाज न राहता स्वतःचाच आवाज होतो.’ आणि विचारलं, वादमित्रांची बहीण रोज त्या देवळात बसते, हे खरं आहे का? देऊळ हललं तर तिची गैरसोय होईल, हे खरं आहे का?

न्यायाधीश बाई होत्या. त्या म्हणाल्या, कायद्याला वादमित्राचा विरोधी हितसंबंध चालत नाही. बहीण देवळात बसते म्हणजे देवीच्या विरोधात काही नाही. भक्तसुद्धा वादमित्र होऊ शकतो. पुढे चला.

विषय तिथे संपला होता. पण सर उभे राहिले. त्यांची वकील त्यांची बाही ओढत होती.

‘विद्वान वकील बरोबर आहेत,’ सर म्हणाले. ‘मी हे लिहिलंय आणि मला ते मान्य आहे. दावा लावताना मी देवीचा विचार केला की बेबीचा, हे मला खात्रीने सांगता येत नाही.’

समोरचा वकीलच गडबडला होता. त्याला हे एवढं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि सांगितलं की वादमित्राला असं मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. आधी आपल्या जागी योग्य माणूस आणून उभा करावा लागतो, आणि खर्चाची हमी द्यावी लागते. सर म्हणाले, नियम माहीत आहे, हमी भरतो. मग ते मागे वळले आणि रांगेत कोण बसलंय ते बघू लागले. रांगेत मी आणि बेबी होतो.

बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, ‘सर, मी देवीला मानत नाही.’

‘म्हणून तर. आणि जादा खोली जाणार, म्हणजे तुमचं नुकसानच आहे. याहून निःस्वार्थी माणूस भांडुपमध्ये मला मिळणार नाही.’

‘मला हात जोडावे लागतील?’

‘हात भोईर जोडतील. तुम्ही बाजू सांगायची.’

विजय आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. जादा खोलीत त्याला कॅरम ठेवायचा होता. शेवटी त्यानेच विचारलं, मग तू म्हणणार तरी काय. मला माहीत नव्हतं. म्हणून मी संध्याकाळी देवळापाशी जाऊन बसायला लागले. हात जोडले नाहीत. कोण येतं, काय करतं, एवढं बघितलं. मागच्या चाळीतल्या बायका यायच्या, कामावरून परत जाताना, पायातली चप्पल काढायच्या आणि दोन मिनिटं टेकायच्या. बहुतेकजणी देवीशी कमी आणि एकमेकींशी जास्त बोलायच्या. मग एक विचार मनात आला.

पुढच्या तारखेला नवी वादमित्र म्हणून मी न्यायाधीशांना विचारलं, नव्या जागी या बायका देवीकडे येणार कशा. फाटकावर ॲप असणार. बाहेरचं कोणी आलं की वॉचमन विचारणार, कुणाकडे जायचंय. त्या म्हणणार, देवीकडे. मग विचारणा देवीच्या फोनवर जाणार.

न्यायाधीशांनी पाटकरांना पुढे बोलावलं आणि विचारलं की पाहुण्याबद्दल मालकाने काहीच उत्तर दिलं नाही, तर ॲप काय समजतं. पाटकर म्हणाले, सुरक्षेसाठी नकार समजतं.

‘आणि ठरावाबद्दल काहीच उत्तर दिलं नाही, तर?’

‘होकार समजतं, मॅडम.’

न्यायाधीश लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘म्हणजे जमीन देताना देवी गप्प, तर हो. भेटायला माणसं आली आणि देवी गप्प, तर नाही. हे तुमच्या सिस्टीमने ठरवलं?’

पाटकरांनी सरांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘नाही मॅडम. ते मीच तसं लावलं होतं.’ त्या दिवसापासून मला पाटकर आवडायला लागले.

मनाई हुकूम मिळाला. पुढे दावा निकालापर्यंत गेलाच नाही. बिल्डरला काम अडकवायचं नव्हतं, त्याने नकाशा बदलला आणि कोर्टापुढे तडजोड झाली. देवीची पट्टी बाहेर राहिली, एक विंग कमी झाली, जादा खोली गेली. भोईरांच्या मुलाचं लग्न तरीही झालं, सोसायटीने त्यांना भाड्याची मोठी जागा मिळवून दिली. ती सरांच्या सांगण्यावरून, हे भोईरांना उशिरा कळलं. बिल्डिंग पाडली, पाटी गेली, आम्ही सगळे इकडेतिकडे भाड्याने राहायला गेलो. आम्ही भांडुपमध्येच, सर मुलुंडला.

मधे काही महिने गेले. मग एका दुपारी सर आमच्याकडे आले. बेबी बरोबर नव्हती. शेजारीण बसलीय तिच्याजवळ, म्हणाले. पाणी प्यायले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला खुर्ची शोधली, आणि मग तसेच बसले.

त्यांनी सांगितलं ते आधी मला व्याख्यानच वाटलं. बेबीसारखं माणूस अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं, आईबाप आपोआप पालक उरत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची एक समिती असते, ती पालक नेमते. आईवडील गेल्यावर सरांनी अर्ज केला, आणि तेव्हापासून ते बेबीचे कायदेशीर पालक. ‘आता माझं हृदय फारसं बरं नाही,’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आधीच्याच आवाजात म्हटलं, म्हणून मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. ‘नातेवाईक नसला तरी चालतो. ज्याचं नाव सुचवायचं त्याची संमती लागते. घरी न्यायलाच हवं असं नाही, चांगली संस्था बघून ठेवलीय, खर्चाची सोय केलीय. पण तिच्या बाजूने बोलायला कोणीतरी...’

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी इतक्या वर्षांत त्यांचं अर्धं वाक्य ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘सर, बेबीला विचारलंत?’

‘विचारलं. महिनाभर रोज विचारत होतो. अडचण अशी की ती शेवटी घेतलेल्या नावाला हो म्हणते. म्हणून मी नावांचा क्रम बदलत गेलो. कधी भोईरांच्या सुनेचं शेवटी, कधी माझ्या विद्यार्थिनीचं.’ त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ‘तुमचं नाव कुठेही घेतलं, तरी ती तिथेच थांबते. केळं, असं म्हणते.’

विजय दारात उभा होता. तो आत जाऊन चहा टाकायला लागला.

मी हो म्हटलं. सरांनी मान डोलावली, जसं काही मी एखादा मुद्दा बरोबर सांगितला. मग ते बोलत राहिले. तिला पोळीची कडा चालत नाही. आंघोळीला आधी पायावर पाणी घालायचं. विजा चमकल्या की कानांवर हात ठेवायचे, तिच्या नाही, आपल्या. म्हणजे तिला हसू येतं. मी विचारलं, हे सगळं अर्जात लिहायचं का. ते म्हणाले नाही, अर्जात याला जागा नाही. आणि चहा येईपर्यंत पुढचं सांगत राहिले.